आजीची उपासमार नातवंडांच्या उंचीत उतरते का?

आईबाप बुटके असले की पोर उंच कुठून होणार, असं आपण सहज म्हणून जातो. त्यात तथ्य आहेच, कारण उंचीचा मोठा भाग रक्तातून येतो. पण घराण्यात रक्तासोबत गरिबीही वारशाने येते. अर्धपोटी राहिलेल्या आजीची मुलगीही बहुधा अर्धपोटी वाढते आणि पुढे नातीच्या ताटातही तेवढंच पडतं. मग नातीची उंची कमी राहिली तर दोष कोणाचा, रक्ताचा, आजीच्या गरोदरपणातल्या उपासमारीचा की आजच्या ताटाचा? हे वेगळं काढायचं तर एका पिढीचं खाणं मुद्दाम सुधारायचं आणि पुढच्या पिढीची उंची मोजेपर्यंत थांबायचं, एवढाच खरा मार्ग. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशात तो प्रयोग झाला आहे.

‘इन्काप’ या पोषणसंस्थेने 1969 ते 1977 या काळात तिथली चार खेडी निवडली. दोन खेड्यांत ‘अटोले’ नावाचं गरम, दाटसर पेय मिळायचं. त्यात वनस्पतिज प्रथिनांचं पीठ, दूध पावडर आणि साखर असे. उरलेल्या दोन खेड्यांत ‘फ्रेस्को’ नावाचं थंड, गोड पेय मिळे, त्यात प्रथिनं नव्हती. अटोलेच्या एका कपात सुमारे 163 कॅलरी आणि 11 ग्रॅमहून जास्त प्रथिनं होती, फ्रेस्कोच्या कपात 59 कॅलरी. दिवसातून दोनदा गावातल्या एका ठरावीक जागी पेय वाटलं जाई. गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुलं, ज्याला हवं त्याने यावं आणि हवं तेवढं प्यावं. कोण किती प्यालं, याची नोंद मात्र काटेकोर ठेवली जाई.

पहिला निकाल गरोदरपणाचा होता. पूर्ण गरोदरपणात या पेयांतून 20,000 किंवा जास्त कॅलरी घेतलेल्या बायांमध्ये कमी वजनाची बाळं जवळपास निम्म्याने घटली. हा हिशेब अटोलेच्या सुमारे सव्वाशे कपांचा किंवा फ्रेस्कोच्या साडेतीनशेच्या आसपास कपांचा होतो. कॅलरी कुठल्या पेयातून आल्या याने फारसा फरक पडला नाही. पोटातल्या बाळाच्या दृष्टीने आधी आईच्या पोटाची खळगी भरणं महत्त्वाचं होतं.

उंचीचा निकाल त्याहून बोलका निघाला. तीन वर्षांची होईपर्यंत अटोलेच्या गावांतली मुलं फ्रेस्कोच्या गावांतल्या मुलांपेक्षा सरासरी अडीच सेंटिमीटर उंच झाली होती. पहिल्या वर्षात दिवसाला 100 कॅलरी जास्त मिळाल्या तर वर्षभरात सुमारे 9 मिलिमीटर उंची वाढे, दुसऱ्या वर्षात 5 आणि तिसऱ्यात 4. तीन वर्षांनंतर तेच पेय तेवढंच प्यालं तरी उंचीवर दखल घेण्याजोगा परिणाम होत नव्हता. म्हणजे उंचीच्या वाढीचा सगळ्यात नाजूक काळ गर्भात सुरू होतो आणि तिसऱ्या वाढदिवसाच्या आसपास संपत येतो.

पुढे या मुलांची लग्नं झाली, त्यांना मुलं झाली आणि संशोधकांनी त्या मुलांचीही मापं घेतली. लहानपणी अटोले प्यालेल्या मुलींची बाळं जन्मताना सरासरी 116 ग्रॅम जास्त वजनाची होती आणि पुढे त्यांची उंची सरासरी 1.3 सेंटिमीटर जास्त भरली. लहानपणी अटोले प्यालेल्या मुलग्यांच्या बाळांमध्ये मात्र असा फरक दिसला नाही.

या दुसऱ्या वाक्यातच खरी मेख आहे. याच प्रयोगातल्या दुसऱ्या एका पाहणीत अगदी लहान वयात अटोले मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई सुमारे 46 टक्क्यांनी जास्त आढळली होती. बायकांच्या कमाईत तसा फरक नव्हता. घरात पैसा आला म्हणून पुढची पिढी उंच झाली असती, तर ती या पुरुषांच्या घरात दिसायला हवी होती. दिसली ती बायकांच्या पोटी. वारसा पाकिटातून नाही, आईच्या शरीरातून चालत आला होता.

तो कसा चालतो याचे दोन रस्ते सांगता येतात. पहिला अगदी साधा आहे. लहानपणी खुरटलेल्या मुलीचं शरीर मोठेपणीही लहान राहतं आणि गर्भाला वाढायला जागा व पोषण देण्याची त्याची ताकद मर्यादित असते. 1938 मध्ये इंग्लंडमध्ये वॉल्टन आणि हॅमंड यांनी थोराड शायर घोडे आणि ठेंगण्या शेटलंड घोड्यांचा संकर करून पाहिला होता. दोन्हीकडच्या शिंगरांत रक्त सारखंच मिसळलेलं, तरी शायर घोडीच्या पोटी जन्मलेलं शिंगरू कितीतरी मोठं निघालं. दुसरा रस्ता अधिक गूढ आहे. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजांडकोशात पुढच्या आयुष्यातली सगळी बीजांडं तयार होतात. म्हणजे आजी गरोदर असते तेव्हा ज्या बीजातून नातवंड व्हायचं, तेही तिच्याच पोटात असतं.

या दुसऱ्या रस्त्याचा पुरावा शोधायला संशोधक नेदरलँड्सकडे वळले. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे तिथल्या पश्चिम भागात भीषण उपासमार झाली. त्या वेळी पोटात असलेल्या मुलींना पुढे झालेल्या बाळांचं वजन एका पाहणीत कमी भरलं, नंतरच्या पाहण्यांत तसं दिसलं नाही. अॅमस्टरडॅममध्ये जन्मलेल्यांच्या 2008 च्या अभ्यासात नातवंडांची जन्मावेळची लांबी सरासरी 0.6 सेंटिमीटर कमी होती, पण वजन कमी नव्हतं. एरवी खात्यापित्या असलेल्या समाजावर काही महिन्यांची उपासमार कोसळली, तर नातवंडांपर्यंत तिची एवढीच पुसट खूण पोहोचते.

ग्वाटेमालाच्या प्रयोगालाही मर्यादा आहेत. गावं फक्त चार होती. जास्त पेय पिणाऱ्या बाया मुळातच अधिक जागरूक असतील, ही शक्यता उरते. शिवाय ज्या मुलींची बाळं मोजली, त्यांना पोषण मिळालं ते मुख्यतः बालपणात. त्यामुळे नातवंडांच्या उंचीतला सगळा फरक आजीच्या गरोदरपणातल्या खाण्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

मुंबईतल्या एका प्रयोगाने याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवली. 2006 पासून तिथल्या वस्त्यांमधल्या सहा हजारांहून जास्त बायकांना गर्भ राहण्याच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला गेला. एका गटाच्या खाऊत पालेभाज्या, फळं आणि दूध होतं, दुसऱ्याच्या खाऊत बटाटा, कांदा असे कमी पोषक जिन्नस. सगळ्या बाळंतपणांची सरासरी काढली तर बाळांच्या वजनात ठोस फरक पडला नाही. गर्भ राहण्याआधी निदान तीन महिने खाऊ सुरू झालेल्या बायांची बाळं मात्र सरासरी 48 ग्रॅमने भरदार होती, आणि हा फायदा अंगाने बऱ्या बायांना झाला. अगदी हडकुळ्या बायांच्या बाळांना तो मिळालाच नाही. वीस वर्षांची तूट काही महिन्यांच्या खाऊने भरून निघत नाही.

तेव्हा प्रश्नाचं उत्तर ‘होय, पण’ असं आहे. आईच्या उपासमारीचा मुलाच्या उंचीवर परिणाम होतो आणि तो बाळाच्या पहिल्या तीन वर्षांच्या खाण्याने कमी किंवा जास्त होतो. नातवंडापर्यंत तो पोहोचतो तो प्रामुख्याने मधल्या मुलीच्या वाढीतून. तिची वाढ सावरली तर साखळी तिथेच ढिली पडते. म्हणून दोन वर्षांच्या मुलीचं वजन केल्यावर तिला पट्टीपाशी उभी करून उंचीही मोजायला हवी. 79 सेंटिमीटरपेक्षा कमी भरली (मुलासाठी 81), तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने ती खुरटलेली आहे. अंगावर बाळसं असेल तर नुसत्या काट्यावर हे कळत नाही. आणि तिसरा वाढदिवस यायला अजून वर्षभराचा अवधी असतो.