तीन कॅण्डल आणि पहाटेचे साडेपाच

बिटकॉइनचा रोजचा चार्ट बघणाऱ्या भारतीय माणसासाठी दिवस पहाटे साडेपाचला संपतो. क्रिप्टोचा बाजार कधीच बंद होत नाही, म्हणून बहुतेक चार्टवर दिवसाची कॅण्डल जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्री मिटते आणि आपल्याकडे तेव्हा साडेपाच झालेले असतात. इव्हनिंग स्टार समजून घ्यायची तर ही वेळ आधी ध्यानात ठेवायला हवी, कारण तिसरी कॅण्डल मिटल्याशिवाय ही आकृती तयारच होत नाही.

चढत्या भावात आधी एक लांब हिरवी कॅण्डल येते. दुसऱ्या दिवशी बॉडी एकदम छोटी होते, म्हणजे दिवसभर ओढाताण होऊनही भाव उघडला त्याच्या आसपासच बंद होतो. तिसऱ्या दिवशी लाल कॅण्डल पहिल्या हिरव्या बॉडीच्या मध्याच्या खाली मिटते. मॉर्निंग स्टार याच्या उलट असतो. तो घसरणीच्या तळाशी दिसतो आणि त्यातली तिसरी हिरवी कॅण्डल पहिल्या लाल बॉडीचा निम्म्याहून अधिक भाग परत मिळवते. शेअर बाजारावरच्या पुस्तकांत मधली कॅण्डल पहिलीपासून तुटून, गॅप सोडून उघडावी असे म्हटलेले असते. चोवीस तास चालणाऱ्या बाजारात गॅप जवळजवळ पडतच नाही, त्यामुळे ती अट इथे लावली तर हाती काहीच लागणार नाही. मध्याची अट मात्र सोडू नये.

नोव्हेंबर २०२१ मधले तीन दिवस पाहा. ८ तारखेला बिटकॉइन सुमारे ६३,३०० डॉलरला उघडून ६७,५०० जवळ बंद झाला. ९ तारखेची बॉडी लहान होती आणि बंद भाव ६७,००० च्या आसपास होता. १० तारखेला अमेरिकेतील महागाईचा ६.२ टक्क्यांचा आकडा जाहीर झाला, भाव ६९,००० पर्यंत उसळला आणि मग कोसळला. दिवस ६५,००० जवळ मिटला. पहिल्या बॉडीचा मध्य ६५,४०० च्या थोडा वर होता, म्हणजे अट पूर्ण झाली. उसळीच्या क्षणी चार्ट पाहणाऱ्याला मात्र तिसरी कॅण्डल हिरवीच दिसली असती आणि त्याने खरेदीच केली असती.

ही आकृती कुठे उमटली हे तितकेच महत्त्वाचे. एप्रिल २०२१ चे शिखर ६५,००० च्या किंचित खाली आणि ऑक्टोबरचे ६७,००० च्या आसपास होते. ही दोन्ही शिखरे ओलांडून गेलेला भाव दोन दिवसांत पुन्हा त्यांच्यातल्या जुन्या पातळीवर आला. वर गेलेल्या भावाला तिथे गिऱ्हाईक टिकले नाही, हेच तीन कॅण्डल सांगत होत्या. हीच आकृती दोन पातळ्यांच्या मधोमध कुठेतरी दिसली असती, तर मी तिच्याकडे लक्ष दिले नसते.

आता व्हॉल्यूम. १० तारखेची उलाढाल आधीच्या दोन्ही दिवसांपेक्षा आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातील कोणत्याही दिवसापेक्षा जास्त होती. विक्री गर्दीने झाली, दोन-चार मोठ्या ऑर्डरींनी नव्हे, असा त्याचा अर्थ लावता येतो. पण क्रिप्टोत व्हॉल्यूमचा आकडा डोळे मिटून घेऊ नये. मार्च २०१९ मध्ये बिटवाइज या कंपनीने अमेरिकी नियामकापुढे मांडलेल्या अभ्यासात, बिटकॉइनची नोंदवली जाणारी सुमारे ९५ टक्के उलाढाल खोटी किंवा निरर्थक असल्याचे म्हटले होते. म्हणून सगळ्या एक्स्चेंजची बेरीज पाहण्यापेक्षा दोन-तीन मोठ्या, विश्वासार्ह एक्स्चेंजचा स्पॉट व्हॉल्यूम वेगवेगळा पाहावा आणि तिसऱ्या दिवसाचा आकडा मागच्या वीस दिवसांच्या सरासरीशी ताडावा. शनिवार-रविवारी उलाढाल एरवीच कमी असते, हेही धरावे.

मॉर्निंग स्टारमध्ये फसगत जास्त होते. घसरणीत उधारीवरचे सौदे एक्स्चेंज स्वतःच जबरदस्तीने कापते आणि त्यामुळे पहिल्या लाल कॅण्डलखाली व्हॉल्यूमचा मोठा खांब उभा राहतो. तो खरेदीदारांचा नसतो. तिसऱ्या दिवशी स्पॉट बाजारात उलाढाल वाढली नाही, तर ती हिरवी कॅण्डल बहुधा विकून बसलेल्यांच्या नफावसुलीची असते आणि काही दिवसांत तळ पुन्हा तुटू शकतो.

खूण खरी ठरली तरी ती लगेच पैसे देत नाही. त्या नोव्हेंबरमध्ये भाव १५ तारखेला ६६,००० च्या वर जाऊन आला आणि मगच, १६ तारखेला ६०,००० कडे घसरला. ६५,००० ला पन्नासपट उधारीवर विकणाऱ्याचा सौदा त्या दोन टक्क्यांच्या चढात कापला गेला असता. ६९,००० च्या वर स्टॉपलॉस ठेवून छोटा सौदा करणारा टिकला असता. ते शिखर मार्च २०२४ पर्यंत ओलांडले गेले नाही.

आपल्याकडे २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका सौद्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. त्यामुळे अर्धवट खुणांवर केलेले दहा सौदे, त्यातले निम्मे बरोबर आले तरी, तोट्यात जाऊ शकतात. पातळी, मध्याच्या पलीकडचा बंद भाव आणि व्हॉल्यूम ही तिन्ही एकत्र दिसत नसतील, तर त्या दिवशी सौदा करू नका.