कँडलच्या पोटात घाई कुणाला होती?

निफ्टी फ्युचरच्या पाच मिनिटांच्या चार्टवर एक छोटी हिरवी कँडल उमटते. २४,८०२ ला उघडली, २४,८२० पर्यंत गेली, २४,८०८ ला बंद झाली. एवढ्यावरून कुणीही म्हणेल, भाव थोडा वाढला. त्या पाच मिनिटांत कोणत्या भावाला किती माल उचलला गेला आणि कोणत्या भावाला अंगावर टाकला गेला, हे मात्र ती सांगत नाही. फुटप्रिंट चार्ट नेमकी हीच कँडल उघडून दाखवतो.

त्याआधी एक घोटाळा दूर करायला हवा. ‘आज खरेदीदार जास्त होते’ हे वाक्य ऐकायला ठीक वाटतं, पण प्रत्येक सौद्यात जितके लॉट घेतले जातात तितकेच विकले जातात. फरक असतो तो घाईचा. बाजारात एक विक्रेता भाव सांगून बसलेला असतो. गिऱ्हाईक घासाघीस न करता त्याच भावात माल उचलतं, तेव्हा घाई गिऱ्हाइकाला असते. शेअर बाजारात भाव लावून थांबणाऱ्याची लिमिट ऑर्डर असते आणि समोरचा भाव मान्य करून तिच्यावर तुटून पडणाऱ्याची बहुधा मार्केट ऑर्डर. विक्रेत्याच्या भावात झालेला सौदा आक्रमक खरेदी म्हणून मोजतात, तर खरेदीदाराच्या भावात झालेला आक्रमक विक्री म्हणून.

समजण्यासाठी त्याच कँडलचा फुटप्रिंट कल्पू. पाच-पाच अंकांच्या ओळी, डावीकडे आक्रमक विक्री, उजवीकडे आक्रमक खरेदी, आकडे लॉटमध्ये:

```
२४,८२०   १४० × ९१०
२४,८१५   २२० × ४८०
२४,८१०   ३१० × ३६०
२४,८०५   २९० × २५०
२४,८००   २६० × १७०
```

उजव्या रकान्याची बेरीज २,१७०, डाव्याची १,२२०. वजाबाकी अधिक ९५०, हाच या कँडलचा डेल्टा. (ऑप्शनमधला डेल्टा वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही.) सकाळी ९.१५ पासूनच्या सगळ्या कँडलचे डेल्टा एकात एक मिळवत गेलं की क्युम्युलेटिव्ह व्हॉल्यूम डेल्टा, म्हणजे सीव्हीडीची रेषा तयार होते. अनेकजण ती रोज शून्यापासून सुरू करतात.

आता सर्वात वरची ओळ पाहा. २४,८२० च्या पट्ट्यात ९१० लॉट घाईघाईने घेतले गेले, तरी भाव २४,८२५ ला शिवला नाही. म्हणजे तिथे कुणीतरी विक्रीच्या लिमिट ऑर्डर लावून शांतपणे बसलं होतं आणि येईल ती खरेदी पचवत होतं. ट्रेडर याला ‘अॅब्सॉर्प्शन’ म्हणतात.

सीव्हीडीही तेच सुचवतो. समजा, सकाळी भावाचा उच्चांक २४,८३५ होता, तेव्हा सीव्हीडी २,९०० होता. या कँडलनंतर तो ३,३५० वर गेला. खरेदीचा जोर सकाळपेक्षा वाढला आणि भाव मात्र सकाळच्या शिखराच्या खालीच राहिला. पुढची कँडल उणे डेल्टा घेऊन २४,८०० खाली गेली, तर वर घेणारे अडकले असं मानायला जागा होते. ती २४,८२५ च्या वर टिकली, तर बसलेला विक्रेता संपला किंवा उठून गेला, आणि वाचन चुकलं.

बसलेल्या त्या विक्रेत्याचा हेतूही चार्टवर दिसत नाही. तो मंदीवाला असेलच असं नाही. एखादी संस्था फ्युचर विकून त्याच वेळी निफ्टीतले शेअर खरेदी करत असेल, तर तिला फक्त दोन भावांतला फरक खिशात घालायचा असतो.

मात्र भारतात खरी अडचण याच्याही आधी येते. प्रत्येक सौदा टिपणारा ‘टिक-बाय-टिक’ डेटा एनएसई देते, पण किरकोळ ग्राहकाच्या ब्रोकर ॲपवर सहसा थोड्याथोड्या वेळाने काढलेली छायाचित्रं पोचतात. त्यात शेवटचा भाव आणि तोवरची एकूण उलाढाल असते, मधले सौदे सुटे सुटे नसतात. समजा, एका सेकंदात विक्रेत्याच्या भावात ६० लॉट उचलले गेले आणि लगेच खरेदीदाराच्या भावात १० विकले गेले. खरा डेल्टा अधिक ५०. सॉफ्टवेअरला दिसतं ते एवढंच, की ७० लॉट झाले आणि शेवटचा सौदा खरेदीदाराच्या भावात झाला. ते सगळे ७० विक्रीत टाकलं, तर डेल्टा उणे ७० दिसतो. आकडा चुकतोच, वर चिन्हही उलटं होतं.

ही गडबड ओळखायला दोन वेगवेगळ्या ॲपवर त्याच कराराची तीच कँडल शेजारी शेजारी उघडावी. एकूण उलाढाल जुळते आणि डेल्टा जुळत नाही, असं वारंवार दिसलं, तर निदान एक ॲप तरी बाजू अंदाजाने ठरवतं. आणखी एक पाहावं: चार्ट निफ्टी निर्देशांकाचा आहे की फ्युचरचा? निर्देशांक स्वतः खरेदी-विक्रीला येत नाही, म्हणून त्याला स्वतःची आक्रमक खरेदी किंवा विक्रीही नसते.