दहा राउटर आणि एक प्रमुख

ओएसपीएफ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एक प्रश्न हमखास पडतो. एकाच स्विचला जोडलेले राउटर एकमेकांना ओळखतात, मग ते सगळे एकमेकांशी पूर्ण संबंध का जोडत नाहीत?

ओएसपीएफमध्ये विभागातील प्रत्येक राउटरजवळ जाळ्याचा सारखाच नकाशा असावा लागतो. दोन राउटर आपले नकाशे ताडून पाहतात आणि पुढे होणारे बदल एकमेकांना कळवत राहतात, या संबंधाला अ‍ॅडजसन्सी म्हणतात. स्विचवर दहा राउटर असले आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी असा संबंध जोडला, तर ४५ जोड्या होतील. कुठे एक तार तुटली की तीच बातमी या जोड्यांतून पुन्हा पुन्हा फिरेल.

म्हणून त्यांच्यातून एक डेझिग्नेटेड राउटर, म्हणजे प्रमुख, व एक बॅकअप निवडतात. उरलेले आठ जण फक्त या दोघांशी संबंध जोडतात. आठ दुणे सोळा आणि त्या दोघांमधला एक, असे फक्त १७ संबंध झाले. ज्याच्याजवळ बातमी असेल तो ती 224.0.0.6 या पत्त्यावर दोघांना कळवतो व प्रमुख ती 224.0.0.5 वर सर्वांना सांगतो. इथे पुष्कळांचा गैरसमज होतो. प्रमुखामार्फत जाते ती नकाशाची बातमी. लोकांची पत्रे-फाइली राउटर एकमेकांना थेटच देतात.

आता निवड पाहू. नवा राउटर सहसा ४० सेकंद इतरांचे हॅलो संदेश ऐकतो. प्रमुख आधीच असेल तर त्याला मान्य करतो. कोणीच नसेल तर ज्याची प्रायॉरिटी मोठी तो निवडून येतो, आणि ती समान असेल तर ज्याचा राउटर आयडी मोठा तो.

गोची येथेच आहे. वीज जाऊन आली आणि एखादा जुना, दुबळा राउटर सर्वांच्या आधी उठला, तर तोच प्रमुख होऊन बसतो. मागाहून १०० प्रायॉरिटीचा दणकट राउटर आला, तरी त्याला पद मिळत नाही. प्रमुख बंद पडल्यावरही बॅकअप वर चढतो व हा नवा फक्त बॅकअप होतो. सारखी निवडणूक होऊन जाळे डळमळू नये म्हणून हा नियम आहे, आणि माझ्या मते तो योग्यच आहे. दुबळ्याला पदापासून दूर ठेवायचे तर त्याच्या इंटरफेसवर असे लिहावे:

```
ip ospf priority 0
```

मात्र सगळ्यांनाच शून्य दिले तर प्रमुखच निवडला जात नाही आणि त्या स्विचवरून एकही मार्ग शिकता येत नाही. सिस्कोच्या राउटरवर `show ip ospf neighbor` दिल्यावर दोन शेजारी `FULL` व बाकीचे `2WAY/DROTHER` दिसले, तर ते बिघडलेले नाही, तसेच असायला हवे. सगळेच `2WAY/DROTHER` दिसले, तर आधी प्रायॉरिटी तपासावी.