तत्त्व ओळखले, पण उत्तर कुठे आहे?

बारावीच्या व्यवसाय अभ्यासाचे पेपर तपासताना एक उत्तर पुन्हा पुन्हा भेटते. तत्त्वाचे नाव अचूक असते, व्याख्या पुस्तकातली आणि अक्षरही सुरेख. तरीही प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. अशा उत्तराला किती गुण द्यायचे आणि का, हे एका उदाहरणावरून नीट समजते.

समजा, परीक्षेत अशी केस दिली आहे. पिशव्या शिवणाऱ्या एका कारखान्यात उत्पादन व्यवस्थापकाने सकाळी एका कारागिराला सांगितले, ‘शाळेची दप्तरे आधी पूर्ण कर.’ दुपारी विक्री व्यवस्थापक त्याच कारागिराला म्हणाला, ‘ते राहू दे, लॅपटॉपच्या बॅगा आज गेल्याच पाहिजेत.’ संध्याकाळी दोन्ही कामे अर्धवट राहिली आणि शाळेने ऑर्डर रद्द केली. प्रश्न असा, की कोणते तत्त्व मोडले ते ओळखा आणि दिलेल्या माहितीच्या आधारे स्पष्ट करा. गुण चार.

फ्रेंच खाण कंपनीचा कारभार अनेक वर्षे सांभाळणाऱ्या हेन्री फेयॉल यांनी 1916 साली व्यवस्थापनाची 14 तत्त्वे मांडली. त्यांतले ‘आदेशातील एकवाक्यता’ हे तत्त्व इथे मोडले आहे. एका कर्मचाऱ्याला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावेत, हा त्याचा अर्थ.

पहिला विद्यार्थी तत्त्वाचे नाव लिहितो, व्याख्या देतो, पुढे ‘त्यामुळे गोंधळ टळतो, शिस्त राहते, कार्यक्षमता वाढते’ असे फायदे सांगतो. वाक्ये सगळी खरी आहेत. पण त्यात कारागीर नाही, दप्तरे नाहीत, रद्द झालेली ऑर्डर नाही. हेच उत्तर एखाद्या रुग्णालयावरच्या केसखाली ठेवले तरी एक शब्द बदलावा लागणार नाही. तपासताना मी हीच कसोटी लावतो. दुसऱ्या केसखाली उत्तर जसेच्या तसे चालत असेल, तर ओळखण्याचा एक गुण द्यायचा, फार तर अर्थ सांगितल्याचा आणखी एक. तिथे थांबायचे.

दुसऱ्या विद्यार्थ्याचा पेपर जास्त फसवा असतो. तो नाव लिहितो आणि केसमधली तीन वाक्ये जशीच्या तशी उतरवतो. कारागीर आला, दप्तरे आली, म्हणून हात सहज पूर्ण गुणांकडे जातो. पण माहिती उतरवणे म्हणजे ती तत्त्वाशी जोडणे नव्हे. जोड दिसते ती ‘कारण’ आणि ‘म्हणून’ या शब्दांपाशी. ‘एकाच कारागिराला दोन वरिष्ठांनी परस्परविरोधी आदेश दिले, म्हणून आदेशातील एकवाक्यता मोडली. कोणाचे ऐकावे हे त्याला ठरवता आले नाही, त्यामुळे दोन्ही कामे अर्धवट राहिली आणि ऑर्डर गेली.’ ही दोन वाक्ये छोटी आहेत, पण पूर्ण गुणांची आहेत. पानभर फायद्यांना यांच्यापेक्षा जास्त गुण मिळता कामा नयेत.

जोडीचा आग्रह धरण्याचे खरे कारण फेयॉल यांच्याच दुसऱ्या एका तत्त्वात आहे. ‘दिशेतील एकवाक्यता’ म्हणजे एका उद्दिष्टाच्या सगळ्या कामांना एक प्रमुख आणि एक योजना असावी. नावे जवळजवळ सारखी, म्हणून मुले हमखास घोळ घालतात. आता केसमधली एकच गोष्ट बदलून पाहा. दप्तरांच्याच ऑर्डरसाठी दोन विभागांनी आपापल्या वेगळ्या योजना आखल्या, प्रत्येक कारागिराला मात्र आपल्याच वरिष्ठाचा आदेश मिळाला. तरीही ऑर्डर चुकली. आता मोडले ते दिशेतील एकवाक्यतेचे तत्त्व. नुसते नाव लिहिणाऱ्याने ते समजून लिहिले की अंदाजाने, हे कळायला मार्ग नाही. ‘त्याच कारागिराला, दोन व्यवस्थापकांनी’ एवढे लिहिणाऱ्याने फरक ओळखला आहे, हे स्पष्ट दिसते.

गुण कापल्यावर शेजारी काय लिहायचे, हेही महत्त्वाचे. ‘सविस्तर लिहा’ असा शेरा दिला, तर पुढच्या वेळी मूल आणखी चार फायदे लिहून आणते. त्याऐवजी ‘आदेश कोणाला मिळाले? कोणाकोणाकडून? मग काय झाले?’ असे विचारावे आणि त्याच उत्तरात दोन वाक्ये घालून घ्यावीत.

एक पथ्य मात्र आपण शिक्षकांनीही पाळायला हवे. प्रश्नात नुसते ‘तत्त्व ओळखून स्पष्ट करा’ असे असेल, तर व्याख्या लिहिणाऱ्या मुलाने विचारले तेच दिले आहे. ‘दिलेल्या माहितीच्या आधारे’ हे शब्द प्रश्नात आणि जोडीचे दोन गुण उत्तरसूचीत, हे पेपर हातात पडण्याआधीच ठरलेले असले, तरच ते गुण कापण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो.