गॅरेजचे बिल अंदाजापेक्षा वाढले, तर काय?

आमच्या वसाहतीतला एक तरुण मोटारसायकलवरून पार्सले पोचवतो. गाडी बंद म्हणजे त्याची त्या दिवसाची कमाई बंद. गाडी निळसर धूर सोडू लागली म्हणून त्याने ती गॅरेजमध्ये लावली. मिस्त्रींनी तोंडी अंदाज दिला : व्हॉल्व्हचे ऑईल सील १५०, गॅस्केट ३५०, इंजिन ऑईल ४५० आणि मजुरी १,२००, एकूण २,१५० रुपये. चौथ्या दिवशी हातात बिल पडले ७,४३४ रुपयांचे! बिल घेऊन तो माझ्याकडे आला. "काका, हे बघा. आता गाडी सोडवू कशी?"

आम्ही दोघांनी वहीत दोन रकाने पाडले. एकात सुटे भाग, दुसऱ्यात मजुरी. मूळ कामाखेरीज बोअर-किट (सिलिंडर, पिस्टन व रिंगा) २,४०० आणि त्याची मजुरी ८००; क्लच प्लेट ६५० आणि त्याची मजुरी ३००. अशी बेरीज झाली ६,३००. त्यावर १८ टक्के जीएसटी १,१३४.

आता एकेक रक्कम तपासू. इंजिन बंद असताना आतली झीज दिसत नाही. सकाळी चालू करताना क्षणभर धूर आला तर बहुधा सील गेलेले असतात. गाडी पळवताना सतत धूर येत असेल तर रिंगा आणि बोअर झिजल्याचा संशय घ्यावा. म्हणून हेड उघडल्यावर काम वाढणे ही काही लबाडी नव्हे. पण वाढले हे कळल्यावर फोन करून विचारायला हवे होते. शिवाय सिलिंडर काढण्याआधी हेड काढावेच लागते, आणि ती मजुरी १,२०० मध्ये आलेलीच होती. पुढचे काम थोडेच उरते. मग वेगळे ८०० कशाचे?

क्लचचे तर धुराशी नातेच नाही. तो इंजिनच्या बाजूच्या झाकणाखाली असतो. रेस वाढते पण गाडी वेग घेत नाही, अशी तक्रार असेल तर प्लेटा पाहाव्यात. या मुलाची तशी तक्रार नव्हती.

राहिला जीएसटी. सुट्या भागाच्या खोक्यावर छापलेल्या एमआरपीत सर्व कर धरलेले असतात. एमआरपीने भाग लावून त्यावर पुन्हा कर घेता येत नाही. कर लागलाच तर फक्त मजुरीवर, म्हणजे २,३०० वर ४१४ रुपये. आणि तोही गॅरेजची नोंदणी असेल तरच. या बिलावर जीएसटीचा १५ अक्षरी क्रमांकच नव्हता, म्हणजे १,१३४ मागण्याचा हक्कच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे गेलो. आवाज न चढवता म्हटले, "मिस्त्री, काढलेले जुने भाग आणि नव्या भागांची खोकी दाखवा." बोअर-किटचे दोन्ही दाखवले; जुन्या सिलिंडरला आतून उभे ओरखडे होते. क्लचचे काहीच दाखवता आले नाही. शेवटी क्लचचे ९५० आणि कराचे १,१३४ वगळले, बोअरची मजुरी ४०० केली. ४,९५० रुपयांवर मिटले. अंदाजापेक्षा २,८०० जास्त गेले खरे, पण ते झालेल्या कामाचे होते.

पैसे न देता गाडी मागितली तर? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, केलेल्या कामाची योग्य मजुरी मिळेपर्यंत दुरुस्ती करणाऱ्याला वस्तू अडवून ठेवता येते. म्हणून गाडीवर पोट असेल आणि तडजोड होत नसेल, तर "अमुक रक्कम मान्य नाही, हरकत नोंदवून पैसे देत आहे" असे बिलावर लिहून पैसे द्यावेत, पावती घ्यावी आणि गाडी सोडवावी. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्यानुसार ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते.

पण खरा उपाय गाडी लावतानाच करायचा. साध्या कागदावर तक्रार, भागांची किंमत व मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. खाली एक ओळ टाकावी : "यापेक्षा जास्त काम निघाल्यास आधी फोन करून रक्कम सांगावी, होकाराशिवाय करू नये. जुने भाग परत द्यावेत." त्यावर मिस्त्रींची सही घ्यावी. आणखी एक गोष्ट तेव्हाच विचारावी : इंजिन उघडल्यावर आपण वाढीव कामाला नको म्हटले, तर ते परत बसवून द्यायचे किती? कारण उघडण्या-बसवण्याची मजुरी तेव्हाही द्यावीच लागते. फोन आला की होकार मेसेजवर लिहून, रकमेसह द्यावा. बिलाच्या दिवशी तोच मेसेज कामाला येतो.