खाऱ्या वाऱ्यातलं गेट: डबा निवडण्याआधी मीठ धुवा

मालवण-अलिबागकडे समुद्रालगतच्या घरांचं गेट दिवाळीला रंगवलं, तरी पुढच्या पावसाळ्यानंतर त्यावर फोड दिसतात. दोष बहुतेकदा रंगाला दिला जातो. पण असा एखादा फोड नखाने फोडून पाहावा: आत ओलसर, तपकिरी गंज असतो. गंजाच्या खड्ड्यांत राहिलेलं मीठ रंगाच्या थरातून ओलावा ओढून घेतं आणि लोखंड आतून कुजतं.

म्हणून घासण्याआधी गेट गोड्या पाण्याने धुवावं, नाहीतर ब्रश मीठ आणखी आत दाबतो. मग सुटा गंज आणि पोपडे तारेच्या ब्रशने काढायचे, पुन्हा धुवायचं, पूर्ण वाळवायचं आणि त्याच दिवशी प्रायमर मारायचा.

प्रायमर कोणता? रेड ऑक्साइड आणि साधं इनॅमल स्वस्त, पण खाऱ्या हवेत ते लवकर हार मानतं. झिंकचं प्रमाण जास्त असलेला प्रायमर उत्तम, मात्र त्याला सँडब्लास्टिंग केलेलं उघडं लोखंड लागतं. गंजावर मारला तर पैसे वाया. हाताने घासलेल्या जुन्या गेटसाठी दोन भागांचा, गंजाचे अवशेष चालवून घेणारा इपॉक्सी प्रायमरच योग्य. इपॉक्सी उन्हात पांढुरकं पडतं, म्हणून वर पॉलियुरेथेनचा हात हवाच.

गंज सुरू होतो तो कडांवर आणि वेल्डिंगच्या सांध्यांवर, कारण तिथे रंग पातळ बसतो. जाणकार रंगारी आधी तेवढ्याच जागांवर ब्रशने एक जादा हात मारतो, मग सगळं गेट रंगवतो.