आर्णीचं शेत आणि आलेखातले कोपरे

बारावीच्या लिनियर प्रोग्रामिंगमध्ये "छायांकन वेळखाऊ, कोपरे काढले की झालं" असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. आर्णीकडचंच पीक घ्या, आकडे मात्र मानलेले. कपाशी x एकर, सोयाबीन y एकर. जमीन 10 एकर, म्हणून x + y ≤ 10. एकरी खर्च 30 आणि 20 हजार, हाताशी 2 लाख 40 हजार, म्हणजे 3x + 2y ≤ 24. नफा हजारांत Z = 25x + 20y.

दोन्ही रेषा अक्षांना (10,0), (0,10), (8,0), (0,12) इथे छेदतात. हे सगळेच तपासले तर (10,0) ला 250 येतात आणि विद्यार्थी खूश होतो. पण तिथे खर्च 3 लाख! (0,0) दोन्ही अटींत बसतो, म्हणून छाया त्याच्या बाजूला. त्या छायेबाहेर (10,0) आणि (0,12) लगेच दिसतात. उरतात (0,0), (8,0), (4,6), (0,10). त्यांवर Z अनुक्रमे 0, 200, 220, 200. छेदबिंदू (4,6) मात्र आलेखावरून वाचू नका, समीकरणं सोडवूनच घ्या. पेन्सिलीची जाडी दगा देते. "आतला बिंदू का नको?" कारण Z ची रेषा समांतर सरकवत नेली, की ती क्षेत्राला शेवटी कोपऱ्यावरच टेकते. नफा 30 आणि 20 असता, तर (8,0) ते (4,6) ही अख्खी कडाच उत्तर ठरली असती.